पांढरे कॉर्नफ्लोअर, पिवळे पीठ आणि पथ्यावरचा नातू

भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या खाणीची वसाहत म्हणजे नंदिनी नगर. तिथल्या एका वाचक भगिनीने लिहिलेले पत्र आमच्यासमोर आहे. त्यांचा सहा वर्षांचा नातू सुट्टीत नागपूरहून आजीकडे आला होता. त्याला सीलिएकचा आजार असल्याचे निदान झाले आहे, म्हणून गहू, मैदा, रवा, शेवया सारे बंद. अमेरिकेत राहणाऱ्या बहिणीने फोनवर सांगितले, "अगं, कॉर्नफ्लोअरची भाकरी कर त्याला. फक्त कॉर्नस्टार्च घेऊ नकोस, तो वेगळा असतो." आजींनी बाजारातून कॉर्नफ्लोअरचा पुडा आणला, परातीत घेतला आणि पाणी घातले. भाकरी तर झाली नाहीच, उलट हाताला चिकटणारा पांढरा चिखल झाला. मग त्यांनी मका आणला, नेहमीच्या गिरणीतून दळून घेतला आणि सुंदर पिवळ्या भाकऱ्या केल्या. नातवाने आवडीने खाल्ल्या. पण चार दिवसांत त्याचे पोट फुगले, जुलाब सुरू झाले.

आजी विचारतात : "कॉर्नफ्लोअर आणि कॉर्नस्टार्च एकच की वेगवेगळे? आणि मक्यात ग्लूटेन नसते असे सगळे सांगतात, तर मग बाळाला त्रास का झाला?"

नातवाच्या पोटाचे कारण त्याच्या डॉक्टरांनीच तपासून सांगायला हवे. मुलांना जुलाब शंभर कारणांनी होतात. पण पत्रातील दोन्ही प्रश्नांची उत्तरे पक्की आहेत आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या गिरणीपाशी सापडते.

आधी नावाचा गोंधळ सोडवू. आपल्याकडे पुड्यावर कॉर्नफ्लोअर लिहिलेली पांढरीशुभ्र, चिमटीत धरली की चरचरणारी भुकटी मिळते. ती मक्याचे पीठ नसून मक्याचा स्टार्च, म्हणजे मक्यातले सत्त्व असते. अमेरिकेत याच वस्तूला कॉर्नस्टार्च म्हणतात, आणि तिथे कॉर्नफ्लोअर म्हटले की मक्याचे दाणे बारीक दळून केलेले पीठ मिळते. तेव्हा बहीण तिच्या जागी बरोबर होती. आजींनी दुकानात मागितलेला शब्दही बरोबरच होता, फक्त तो शब्द समुद्र ओलांडताना अर्थ बदलतो. आपण हा शब्द ब्रिटनकडून घेतला. तिथे स्कॉटलंडमधील पेझली गावच्या ब्राऊन अँड पोल्सन या कंपनीने १८५४ मध्ये मक्याच्या स्टार्चचे पेटंट घेतले आणि तो कॉर्नफ्लोअर या नावाने घरोघरी पोहोचवला. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही कॉर्नफ्लोअरची व्याख्या मक्यापासून काढलेला स्टार्च अशीच आहे. म्हणजे भारतातल्या पुड्यावर कॉर्नफ्लोअर, कॉर्नस्टार्च किंवा मेझ स्टार्च यांपैकी काहीही लिहिलेले असले, तरी आत तीच पांढरी भुकटी असायला हवी. वेगळे आहे ते मक्याचे पीठ, ज्याला छत्तीसगडच्या दुकानात 'मक्के का आटा' म्हणून मागावे लागते.

हिंदी मुलखात आणखी एक नाव ऐकू येते, अरारोट. खरा आरारूट एका वेगळ्याच कंदापासून काढतात. परंतु पुष्कळ दुकानांत अरारोट म्हणून सुटी दिली जाणारी भुकटी मक्याचाच स्टार्च असते. घट्टपणा आणण्यासाठी दोन्ही चालतात, म्हणून कुणी चौकशी करत नाही. पथ्य सांभाळणाऱ्या घराने मात्र सुटी भुकटी घेऊच नये, कारण तिच्या पोत्यावर काय लिहिले होते ते आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

स्टार्च आणि पीठ यांत नेमका फरक काय, हे मराठी गृहिणीला वेगळे शिकवावे लागत नाही, कारण कुरडया करताना ती तेच करते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, पिळून चोथा वेगळा करायचा. पांढरा चीक रात्रभर ठेवला की खाली घट्ट बसतो आणि वरचे पिवळसर पाणी ओतून द्यायचे. मक्याचा स्टार्च काढणारे कारखानेही याच वाटेने जातात. आपल्या धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे असा मोठा कारखाना आहे. तिथे मका कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात, पाण्यात थोडा गंधकाचा वायू मिसळलेला असतो, त्यामुळे दाणा मऊ पडतो आणि पाणी नासत नाही. मग जाडसर भरडून आतला कोंब बाजूला काढतात, त्यातून तेल निघते. उरलेले बारीक वाटून चाळले की कोंडा जातो. आता राहिले स्टार्च आणि प्रथिन. आपण रात्रभर वाट पाहतो, तिथे गरगर फिरणारी यंत्रे ते काम करतात. जड स्टार्च एका बाजूला, हलके प्रथिन दुसऱ्या बाजूला. मग स्टार्च पुन्हा पुन्हा धुऊन वाळवतात.

म्हणून आपल्या पुड्यातल्या भुकटीत मक्याचा रंग नाही, वास नाही, चव नाही आणि प्रथिनही नावापुरतेच. मक्याच्या पिठात मात्र कोंडा, प्रथिन आणि कोंबातले तेल थोडेफार सारे राहते. आजींच्या परातीत चिखल का झाला, याचे उत्तरही इथेच आहे. स्टार्चचे कण गार पाण्यात विरघळत नाहीत, फुगत नाहीत, नुसते एकमेकांवर घसरत राहतात. त्यांना उष्णता लागते. साधारण ६५ ते ७० अंशांना ते पाणी शोषून फुगतात आणि मग सार किंवा सूप दाट होते. म्हणूनच एक वाटी सुपाला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आधी गार पाण्यात कालवून, ढवळत ढवळत उकळीत सोडतात आणि मिनिटभर उकळू देतात. तसे न करता भुकटी थेट गरम सुपात टाकली की बाहेरून फुगलेल्या आणि आत कोरड्या गुठळ्या होतात. मक्याच्या पिठाने सूप दाट करायला गेलात तर पीठ जास्त लागेल, सूप गढूळ दिसेल आणि जिभेला रवाळ लागेल. आणि कॉर्नफ्लोअरची भाकरी तर कोणत्याही देशात होत नाही.

घरी डब्यावरची चिठ्ठी निघून गेली असेल तर ओळखणे सोपे आहे. शुभ्र, चरचरणारे आणि चव नसलेले ते कॉर्नफ्लोअर. त्याची चमचाभर खळ शिजवली की थोडी पारदर्शक, चकचकीत दिसते. मक्याचे पीठ बहुधा पिवळे असते, पण पांढरा मकाही असतो. म्हणून रंगावर न जाता वास घ्यावा. मक्याच्या पिठाला मक्याचा वास येतो आणि त्याची खळ धूसरच राहते.

आता ग्लूटेन. कणकेचा गोळा मळला की तो ताणला जातो, पोळी लाटली तरी फाटत नाही, ही किमया ग्लूटेनची. गव्हातली प्रथिने पाण्यात एकमेकांना धरून जे रबरासारखे जाळे करतात, ते ग्लूटेन. जव आणि राय या धान्यांतही त्याची भावंडे आहेत. सीलिएक असलेल्या माणसाच्या शरीराची संरक्षण यंत्रणा या प्रथिनावर चिडते आणि त्या भांडणात लहान आतड्याच्या अस्तराचीच नासधूस होते. मग अन्नातले लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही, मूल वाढत नाही, पोट फुगते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी या आजाराचा संबंध गव्हाशी जोडला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये अन्नाचा विलक्षण तुटवडा होता. त्या काळाच्या अनुभवाने त्यांचा विचार पक्का झाला आणि १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला. तेव्हापासून अशा रुग्णांच्या ताटात गव्हाऐवजी तांदूळ आणि मका आहेत.

मक्यात प्रथिन असते, पण ते निराळे. त्याला झीन म्हणतात. ते सीलिएकच्या रुग्णाला गव्हाच्या ग्लूटेनसारखे बाधत नाही. म्हणून मक्याचे दाणे, पीठ, कॉर्नफ्लोअर सारे मुळात ग्लूटेनमुक्त आहे. गंमत म्हणजे स्टार्चच्या कारखान्यांत मक्यापासून वेगळ्या झालेल्या त्या प्रथिनालाही 'मेझ ग्लूटेन' म्हणतात आणि ते कोंबड्यांच्या, जनावरांच्या खाद्यासाठी विकतात. हे नाव वाचून घाबरून मका सोडणारी माणसे आहेत. ते नुसते व्यापारातले नाव आहे, त्यात गव्हाचे काही नाही.

उलट ज्या नावाला भ्यायला हवे ते कुणाच्या लक्षात येत नाही. कुरडईचा चीक हा गव्हाचा. तो कितीही धुतला तरी घरच्या घरी त्यातले सगळे ग्लूटेन जात नाही. 'यात पीठ नाही, नुसतं सत्त्व आहे' असे म्हणत नातवाला कुरडई तळून देऊ नका. आणि परदेशी नातलग असतील तर हेही कळवा : ऑस्ट्रेलियात 'व्हीटन कॉर्नफ्लोअर' नावाची वस्तू मिळते. नाव कॉर्नफ्लोअर आणि स्टार्च गव्हाचा! जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे कोणतेही धान्य. ज्या प्रदेशात जे पिकते त्याला लोक धान्य म्हणू लागतात. आपल्याकडेही पाहा ना, मराठीत धान्य म्हणजे गहू, ज्वारी, डाळ सारे काही, पण छत्तीसगडात आणि पूर्व विदर्भात धान म्हटले की भातच. सिडनी-मेलबर्नमध्ये राहणाऱ्या सुनेने कॉर्नफ्लोअर आणताना मागच्या बाजूचे घटक वाचायचे आणि मेझ असे लिहिले असेल तरच घ्यायचे.

तर मग पिवळ्या भाकरीने काय केले? मक्याने काही केले नसावे. संशय जातो तो गिरणीवर.

आपल्या भागातली गिरणी दिवसभर गहू दळते. दगडाच्या खाचांत, घेरात, पीठ पडते त्या कापडी नळीत गव्हाचे पीठ बसलेले असते. तुमचा मका पडला की पहिले काही मूठभर पीठ आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाचे तुमच्या डब्यात येते. एरवी त्याने काही बिघडत नाही. पथ्यावरच्या मुलाला मात्र किती बिघडते, याचा हिशेब करून पाहू. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे एखाद्या पदार्थाला ग्लूटेनमुक्त म्हणायचे तर त्याच्या एका किलोत ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात ग्लूटेन असते साधारण ८ ग्रॅम. समजा, आजींनी ५ किलो मका दळला आणि गिरणीतून त्यात फक्त ५० ग्रॅम, म्हणजे छोटी अर्धी वाटी गव्हाचे पीठ मिसळले. त्यात ग्लूटेन ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम. पाच किलोंत वाटले तर किलोमागे ८००. मर्यादा २० आणि इथे ८००, म्हणजे चाळीसपट. नातवाने दिवसाला १०० ग्रॅम पिठाच्या दोन छोट्या भाकऱ्या खाल्ल्या तर त्याच्या पोटात रोज ८० मिलिग्रॅम ग्लूटेन गेले. इटलीतील डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिवसाला ५० मिलिग्रॅम एवढे ग्लूटेन तीन महिने घेतल्यावर रुग्णांच्या आतड्यांना इजा झालेली दिसली होती.

'इतकं नाही हो मिसळत' असे कुणी म्हणेल. बरे, फक्त सपाट एक छोटा चमचा, ३ ग्रॅम धरू. तरी किलोमागे ४८ मिलिग्रॅम होते, मर्यादेच्या दुपटीहून अधिक. पाच किलोंत चालण्यासारखे गव्हाचे पीठ आहे सव्वा ग्रॅम, चिमूट-दोन चिमूट. गिरणीवाल्याला आधी शेरभर तांदूळ दळायला सांगून काम भागते असे बऱ्याच जणी मानतात. त्याने मिसळण कमी होते हे खरे, पण चिमटीपर्यंत खाली आले की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून अशा मुलासाठी गिरणीचा रस्ताच टाळलेला बरा.

मिसळण दळणाआधीही होते. वाण्याच्या दुकानात तोच फावडा गव्हाच्या पोत्यात आणि मक्याच्या पोत्यात जातो. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन तीन-साडेतीन मिलिग्रॅम. पाच किलो मक्यात तीसएक गव्हाचे दाणे राहिले तर तेवढ्यानेच मर्यादा गाठली. हे दाणे मात्र दिसतात. मका ताटात थोडा थोडा पसरून निवडावा, दोनदा धुवावा आणि खडखडीत वाळवावा. आजकाल आळसाने निवडणे सुटत चालले आहे, पण इथे ते औषधासारखे आहे.

दळण्यासाठी घरगुती चक्की असेल आणि तिच्यात गहू कधीच गेला नसेल तर उत्तम. जिच्यात आधी गहू दळला आहे अशी चक्की नुसती ब्रशने झाडून चालत नाही. चक्की नसेल तर मिक्सरच्या कोरड्या भांड्यात पाव पाव किलो मका फिरवून चाळावा, रवाळ राहील तो पुन्हा फिरवावा. वेळ लागतो, मिक्सर तापतो, म्हणून मधे थांबावे. नाहीतर बंद पुड्यातले मक्याचे पीठ घ्यावे, पण त्यावर ग्लूटेनमुक्त असे स्पष्ट लिहिलेले असावे. नुसते 'मका १०० टक्के' हे पुरेसे नाही, कारण कारखान्यातही शेजारच्या यंत्रावर गहू दळला जात असू शकतो. गव्हासारखा घटक असेल तर तो पुड्यावर सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. घटकांच्या यादीखाली 'गहू असू शकतो' अशा अर्थाची ओळ असेल तर तो पुडा परत ठेवावा. कॉर्नफ्लोअरच्या पुड्यालाही हाच नियम. ते पाण्यातून अनेकदा धुऊन निघते म्हणून जात्याच चोख, पण नंतर ते कुठे भरले गेले हा प्रश्न उरतोच.

कॉर्नफ्लोअरमध्ये कुणी मैदा मिसळला आहे काय, हे घरी थोडेफार पाहता येते. मूठभर भुकटीत पाणी घालून गोळा होतो का पाहा. निव्वळ कॉर्नफ्लोअर असेल तर मुठीत घट्ट वाटेल आणि मूठ उघडली की वितळल्यासारखे वाहून जाईल. मैदा भरपूर असेल तर गोळा धरेल. तो बारीक धारेखाली हळूहळू धुतला की शेवटी हातात चिवट, च्युइंगमसारखा तुकडा उरेल. पण ही परीक्षा मोठ्या भेसळीची. वर हिशेब केला त्या चिमूटभराचा पत्ता ती देत नाही, तो प्रयोगशाळेतच लागतो. तेव्हा 'मी धुऊन पाहिलं, काही उरलं नाही' यावर मुलाचे पथ्य सोपवू नये.

स्वयंपाकघरात मका चोख आला तरी दोन-तीन जागा राहतात. पिठाची चाळणी, कारण तिच्या जाळीत कणीक अडकलेली असते. लाकडी काठवट आणि पोळपाट, कारण त्यांच्या भेगा धुऊन निघत नाहीत. या तीन वस्तू नातवासाठी वेगळ्या ठेवाव्यात. स्टीलची परात आणि तवा नीट घासले की झाले. आणि हिंग! बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ घातलेले असते. डबीवरचे घटक वाचा, एवढ्याशा डबीमुळे वरण-आमटी बिघडते. बाहेरचे मंचुरियन 'कॉर्नफ्लोअरचं आहे' म्हणून मुलाला देऊ नये. त्याच्या आवरणात कॉर्नफ्लोअरबरोबर मैदा असतो आणि सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतोच.

राहिली ती भाकरी. मक्याच्या पिठाला ग्लूटेनची ओढ नाही म्हणून ती काठाला फाटते. पाणी उकळून, चवीपुरते मीठ घालून त्यात पीठ सोडावे, झाकून पाच मिनिटे ठेवावे आणि हाताला सोसेल इतके गरम असतानाच मळावे. उकड काढल्यामुळे पिठातला थोडा स्टार्च फुगतो आणि तोच चिकटपणाचे काम करतो. एका भाकरीपुरतेच पीठ एका वेळी मळून थापावे, मळून ठेवलेले पीठ सुकून तडकते. दळलेले पीठही दोन-तीन आठवड्यांपुरतेच असावे. त्यात कोंबाचे तेल असल्याने उन्हाळ्यात ते लवकर कडवट होते. पुड्यातले कॉर्नफ्लोअर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात महिनोन्‌महिने टिकते.

ज्या घरात अजून निदान झालेले नाही, नुसताच संशय आहे, तिथे एक गोष्ट उलटी करावी लागते. मुलाचे पोट सारखे दुखते म्हणून परस्पर गहू बंद करून मक्यावर आणू नका. सीलिएकची रक्ततपासणी आणि आतड्याच्या तुकड्याची तपासणी गहू खात असतानाच खरे सांगते. महिनोन्‌महिने गहू सोडून मग तपासायला गेले तर सगळे ठीक दिसते आणि आजार लपून राहतो. नंदिनी नगरच्या आजींच्या नातवाचे निदान आधीच झालेले आहे, त्याला गहू कायमचाच वर्ज्य. त्याच्या भाकऱ्या सध्या थांबवून तांदळाचा भात द्यावा, जुलाब थांबले नाहीत तर लगेच डॉक्टरांना दाखवावे आणि उरलेले मक्याचे पीठ घरातल्या इतरांनी खुशाल खावे.